स्ट्रॅटिफाइड चिल्ड वॉटर टाकी: आधी रिटर्न तापमान, मग घनमीटर, मग डिफ्यूझर

या टाक्यांच्या ड्रॉइंगवर एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. आधी टाकीचा आकार ठरतो, मग कोणीतरी विचारतं की रिटर्न पाणी किती डिग्रीने येणार, आणि डिफ्यूझर तर शेवटच्या आठवड्यात पाइपवाल्याच्या अंदाजाने बसतो. टाकी बांधून झाली की उन्हाळ्यात कळतं की सहा तासांची म्हणून बांधलेली टाकी चार-साडेचार तासात संपतेय. म्हणून खाली क्रम दिलाय तो मोडू नका, प्रत्येक पायरीचा आकडा पुढच्या पायरीत जातो.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय. एक मोठी इमारत, दुपारी २ ते रात्री ८ चिलर पूर्ण बंद ठेवायचे आणि त्या सहा तासांचं कूलिंग टाकीतून द्यायचं.

## पायरी १: तासातासाचा लोड लिहून काढा

"पीक लोड अमुक किलोवॅट" हा एकच आकडा घेऊन बसू नका. टाकीला पीक नाही, बेरीज लागते. सर्वात गरम दिवसाचा तासागणिक कूलिंग लोड लिहा आणि ज्या तासांत चिलर बंद ठेवायचेत त्यांची बेरीज करा.

आपल्या उदाहरणात सहा तासांचा लोड असा आहे: १,८००, २,०००, २,२००, २,२००, २,०००, १,८०० किलोवॅट. बेरीज १२,००० किलोवॅट-तास. टनात काम करत असाल तर ३.५१७ ने भागा, पण मग शेवटपर्यंत टनातच राहा, मध्येच बदललं की घोळ होतो.

आता भरायची बाजू बघा, ही बरेच जण विसरतात. रात्री १० तास चार्जिंग करायचं म्हटलं तर टाकीत ताशी १,२०० किलोवॅट जायला पाहिजेत, पण इमारतीत रात्रीही ६०० किलोवॅट लोड चालूच आहे, म्हणजे चिलरांना १,८०० द्यावे लागणार, वर टाकीची थोडी उष्णता गळती. आणि हा आकडा चिलरच्या नेमप्लेटवरचा नाही, ५ डिग्री पाणी सोडताना चिलर जे देतो तो. ७ डिग्रीला मोजलेली क्षमता ५ डिग्रीला तेवढीच मिळेल असं धरू नका, कारण पाणी जितकं थंड मागाल तितकी क्षमता घटते.

तपासा: दिवसभरात चिलर जितकं कूलिंग तयार करतात ते दिवसभराच्या एकूण लोडपेक्षा कमी नाही ना. कमी असेल तर टाकी कितीही मोठी करा, ती रोज थोडी थोडी अर्धवट भरत जाईल.

## पायरी २: रिटर्न तापमान मोजा, ड्रॉइंगवरून उचलू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टाकीत पाणी ठरलेलं आहे, त्यातून किती कूलिंग मिळणार हे पूर्णपणे सप्लाय आणि रिटर्नमधल्या फरकावर, म्हणजे डेल्टा टी वर आहे. फरक अर्धा झाला की तीच टाकी निम्मी.

सप्लायची खालची बाजू निसर्गानेच बांधलेली आहे. पाणी ४ डिग्रीच्या आसपास सर्वात जड असतं, त्याखाली गेलं की पुन्हा हलकं व्हायला लागतं आणि तळाशी राहायच्या ऐवजी वर चढतं. म्हणून ४ च्या खाली चार्जिंग करायचं नाही, आणि चिलरचा कंट्रोल थोडा वरखाली होतोच हे धरून ५ डिग्री ठेवलेलं बरं.

रिटर्नचं मात्र खरं काय ते साइटवरच कळतं. आपल्या इमारतीच्या मूळ ड्रॉइंगवर ५ आणि १४ लिहिलं होतं, म्हणजे ९ डिग्री. लॉग काढला तर दुपारी रिटर्न ११.५ च्या वर जात नव्हतं. कारण नेहमीचीच: काही एअर हँडलरवर तीन-तोंडी व्हॉल्व्ह होते, ते कॉइलला लागत नसलेलं थंड पाणी सरळ रिटर्नमध्ये सोडत होते, आणि काही ठिकाणी सप्लाय एअरचा सेटपॉइंट इतका खाली होता की दोन-तोंडी व्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडे. व्हॉल्व्ह बदलून, सेटपॉइंट नीट करून रिटर्न १३ वर आलं. म्हणजे हातात आला ८ डिग्रीचा फरक.

या तीन आकड्यांवर टाकी किती बदलते ते पुढच्या पायरीत कळेल, आणि त्यावरूनच लक्षात येईल की व्हॉल्व्ह बदलणं हा टाकीच्या कामाचाच भाग का आहे.

सावधान: कॉइल साफ नसतील, फिल्टर चोंदलेले असतील तर आज मोजलेलं रिटर्नही खोटं. किमान दोन आठवड्यांचा लॉग घ्या आणि फक्त ज्या तासांत टाकी चालणार तेच तास बघा.

## पायरी ३: घनमीटर काढा

टाकीतलं सगळं पाणी कामाला येत नाही. थंड आणि गरम पाण्याच्या मध्ये जो पट्टा तयार होतो, थर्मोक्लाइन, त्यातलं पाणी ना धड थंड ना धड गरम, शिवाय भिंतीतून थोडी उष्णता आत येते. हे सगळं धरून आदर्श क्षमतेच्या किती टक्के मिळतं त्याला फिगर ऑफ मेरिट म्हणतात. डिफ्यूझर नीट असलेल्या टाकीला ०.८५ ते ०.९ धरतात. मी इथे ०.९ घेतोय कारण टाकी उंच आहे. बुटक्या टाकीला ०.८५ च घ्या, तिथे तोच पट्टा एकूण उंचीचा मोठा हिस्सा खातो.

```
V = E × 3600 / (1000 × 4.19 × ΔT × FOM)
E = 12000 kWh, ΔT = 8, FOM = 0.9  →  V ≈ 1432 m³
```

आता ड्रॉइंगवरचे ९ डिग्री घेतले असते तर १,२७३ घनमीटर आले असते, आणि व्हॉल्व्ह न बदलता ६.५ डिग्रीवर बसलो असतो तर १,७६२. म्हणजे ड्रॉइंगवर विश्वास ठेवणाऱ्याची टाकी जवळजवळ पाचशे घनमीटरने लहान बांधली गेली असती. आपण १,४४० घेऊया.

अजून एक प्रश्न इथेच विचारून घ्या: पुढे कधीतरी फरक ६ वर घसरला तर? मग टाकी १२,००० ऐवजी ९,००० किलोवॅट-तास देईल. पहिले चार तास ८,२०० खातात, उरलेले ८०० पाचव्या तासात पंचवीस मिनिटंही पुरत नाहीत, म्हणजे संध्याकाळी साडेसहाच्या आधीच चिलर चालू करावे लागतील. हे मालकाला आधी सांगा, आकड्यासकट.

## पायरी ४: उंची आणि व्यास

शक्य तितकी उंच टाकी घ्या. पट्ट्याची जाडी साधारण अर्धा ते एक मीटर असते, टाकी १२ मीटरची असो की ४ ची, पट्टा काही त्या प्रमाणात बारीक होत नाही.

१२ मीटर व्यास घेतला तर क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर, कामाच्या पाण्याची उंची १२.७ मीटर. वर आणि खाली डिफ्यूझर बसतात ते साधारण ०.३-०.३ मीटर कामाच्या उंचीत धरू नका, म्हणजे एकूण पाणी १३.३ मीटर, आणि वर मोकळी जागा ठेवून पत्रा १४ मीटर.

दोन गोष्टी इथेच तपासायच्या. पहिली, पाया: दीड हजार टनाच्या आसपास वजन येणार आहे आणि पाया एका बाजूला खचला तर टाकी उभी राहीलही, पण आतला डिफ्यूझर तिरका होईल. दुसरी, टाकी वरून उघडी म्हणजे हवेच्या दाबाला असते, आणि इमारतीतले पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जात असतील तर पंप बंद पडल्यावर वरचं पाणी टाकीत येऊन ओसंडेल. त्यासाठी रिटर्नवर प्रेशर सस्टेनिंग व्हॉल्व्ह आणि पंपापुढे नॉन-रिटर्न, किंवा मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर. एक्स्चेंजर घेतलात तर त्यात साधारण एक डिग्री जाते, ती डेल्टा टी मधून वजा करून पायरी ३ पुन्हा करा. हे न करता पुढे गेलेले मी बरेच पाहिलेत.

## पायरी ५: डिफ्यूझर

पाणी टाकीत असं शिरायला पाहिजे की ते तळावर (किंवा वरच्या पृष्ठभागाखाली) पातळ चादरीसारखं पसरेल, आतल्या पाण्यात घुसणार नाही. यासाठी दोन संख्या सांभाळायच्या. फ्राउड नंबर सांगतो की येणारं पाणी स्वतःच्या वजनामुळे पसरतंय की जोरामुळे घुसतंय, तो १ च्या आत ठेवा, २ च्या वर मिसळणं नक्की. रेनॉल्ड्स नंबर सांगतो की पसरल्यानंतर किती घुसळण होईल, त्याची मर्यादा टाकीच्या उंचीवर आहे: ५ मीटरपेक्षा बुटक्या टाकीला साधारण २००, मधल्यांना ४०० ते ८५०, आणि १२ मीटरपेक्षा उंच टाकीला २००० पर्यंत.

### ५.१ कोणता प्रवाह घ्यायचा

इथे मोठी चूक होते. सगळे ८ डिग्रीवरचा प्रवाह घेतात: २,२०० किलोवॅटला सेकंदाला ६६ लिटर. पण फरक ६ वर घसरला तर त्याच लोडला ८७.५ लिटर लागतात, आणि त्याच वेळी दोन पाण्यांच्या घनतेतला फरकही कमी झालेला असतो. म्हणजे पाणी जास्त जोरात येतंय आणि त्याला वेगळं ठेवणारी ताकद कमी झालीय, दोन्ही मार एकदम. डिफ्यूझर या वाईट दिवसासाठी काढा.

### ५.२ रिंग कुठे ठेवायच्या

गोल टाकीला दुहेरी अष्टकोनी पाइप चांगला चालतो. प्रत्येक रिंगने सारख्या क्षेत्रफळाला पाणी द्यायला हवं, म्हणून आतली रिंग त्रिज्येच्या ०.५ वर आणि बाहेरची ०.८६६ वर. आपली त्रिज्या ६ मीटर, म्हणजे ३ आणि ५.२ मीटर. पाइपची लांबी आतली १८.४ मीटर, बाहेरची ३१.८.

पाणी पाइपच्या दोन्ही बाजूंना पसरतं म्हणून हिशोबातली लांबी दुप्पट. आणि आता नीट लक्ष द्या: दोन्ही रिंगांना सारखाच प्रवाह जातो, पण आतली आखूड आहे. म्हणजे तिच्या प्रत्येक मीटरवर जास्त पाणी. दोन्हींची सरासरी काढून "बसतंय" म्हणणारे इथे फसतात. हिशोब आतल्या रिंगचाच करा.

```
q  = Q / L  = (0.0875 / 2) / (2 × 18.4) = 0.00119 m²/s
Re = q / ν  = 0.00119 / 1.27e-6 ≈ 940
h  ≥ (q² / (g·Δρ/ρ))^(1/3)      (Fr = 1)
   = (0.00119² / (9.81 × 0.00036))^(1/3) ≈ 0.074 m
```

डिस्चार्जच्या वेळी वर शिरणारं पाणी ११ डिग्रीचं, म्हणून विस्कॉसिटी आणि घनतेचा फरक त्या तापमानाचे घेतलेत. ९४० हा २००० च्या बराच आत आहे. हीच टाकी ४ मीटर उंच असती तर मर्यादा २०० वर आली असती, व्यासही खूप वाढला असता, आणि डिफ्यूझर पूर्ण नव्याने काढावा लागला असता.

h म्हणजे स्लॉटच्या वरच्या कडेपासून टाकीच्या तळापर्यंतचं अंतर, तळाच्या डिफ्यूझरला. वरच्या डिफ्यूझरला स्लॉटच्या खालच्या कडेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. ७४ मिलिमीटरला फ्राउड बरोबर १ येतो, आपण १०० मिलिमीटर ठेवूया, मग ०.६ च्या आसपास राहतो. याहून उगाच वाढवू नका, त्याच्या खालचं पाणी नुसतं पडून राहतं.

### ५.३ स्लॉट आणि पाइप

स्लॉटमधून वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास. नेहमीच्या ६६ लिटरला एकूण ०.२२ चौरस मीटर उघडं क्षेत्र लागतं, म्हणजे प्रत्येक रिंगला ०.११. वाईट दिवशी वेग ०.४ होईल, चालतं. पाइपच्या आडवे कापलेले ६ मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर लांब स्लॉट घेतले तर रिंगला १८३ लागतात: आतल्या रिंगवर दर १०० मिलिमीटरला एक, बाहेरच्या रिंगवर दर १७४ ला एक. दोन्हींवर सारखं अंतर ठेवलंत तर बाहेरची रिंग जास्त पाणी ओढेल आणि सगळा हिशोब वाया.

पाइपही मोठा हवा, नाहीतर फीडच्या जवळचे स्लॉट आणि लांबचे स्लॉट यांच्यातून सारखं पाणी येत नाही. नियम सोपा आहे, एका फांदीवरच्या स्लॉटांचं एकूण क्षेत्र पाइपच्या छेदाच्या निम्म्याच्या आत. रिंगला चार ठिकाणी फीड दिला की आठ फांद्या होतात, प्रत्येकीवर ०.०१३८ चौरस मीटर स्लॉट. १५० चा पाइप घेतला तर गुणोत्तर ०.७८, नापास. २०० चा घेतला तर ०.४४, पास.

सावधान: तळाच्या डिफ्यूझरचे स्लॉट खाली तोंड करून, वरच्याचे वर तोंड करून. एका कामावर टाकी भरून चालू केल्यावर पहिल्याच दिवशी तळाजवळचे सगळे सेन्सर एकसारखे चढत गेले, रिकामी करून बघितलं तर तळाची रिंग उलटी बसवलेली होती, स्लॉट आकाशाकडे. टाकी रिकामी करून भरायला दहा दिवस गेले. वेल्डिंगच्या आधी प्रत्येक तुकड्यावर रंगाने "खाली" लिहून घ्या.

तपासा: पूर्ण रिंगची लेव्हल पाण्याच्या नळीने किंवा लेझरने घ्या. १०० मिलिमीटरच्या h मध्ये २० मिलिमीटरचा उतार म्हणजे पाचवा हिस्सा गेला. वरच्या रिंगसाठी टाकीतली पाण्याची पातळीही ठरलेली राहायला हवी, पातळी उतरून स्लॉट उघडे पडले की हवा आत जाते आणि वरचा सगळा थर ढवळून निघतो.

## पायरी ६: चालवायचा क्रम

चांगला डिफ्यूझर वाईट ऑपरेशनमुळे एका तासात निरुपयोगी होतो. पट्टा बनतो तो पहिल्या काही मिनिटांत, आणि एकदा जाड बनला की दिवसभर तसाच राहतो.

चार्जिंग सुरू करताना चिलर चालू झाल्या झाल्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडू नका. सुरुवातीला चिलरमधून ९-१० डिग्रीचं पाणी येत असतं, ते तळाच्या ५ डिग्रीच्या पाण्यात सोडलं तर ते हलकं असल्यामुळे फवाऱ्यासारखं वर जातं. आधी पाणी बायपासमध्ये फिरवा, सप्लाय ५ वर स्थिर झालं की मग टाकीत सोडा, आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं निम्म्या प्रवाहाने. डिस्चार्जलाही तसंच, पंप हळूहळू वाढवा.

हीच चूक दुसऱ्या रूपात होते ती सेटपॉइंट बदलताना. हवामान थंड आहे म्हणून कोणीतरी चार्जिंग ७ वर नेतं, टाकीत काल रात्रीचं ५ चं पाणी तळाशी शिल्लक असतं, आणि मग आठवडाभर कोणाला कळत नाही पट्टा कुठे गेला. सेटपॉइंट वाढवायचाच असेल तर टाकी पूर्ण डिस्चार्ज करूनच.

चार्ज आणि डिस्चार्ज बदलणारे व्हॉल्व्ह घट्ट बंद होतायत का तेही बघा. एखादा थोडा जरी गळत असेल तर सप्लाय आणि रिटर्न सतत मिसळत राहतं आणि दोष डिफ्यूझरला दिला जातो.

## पायरी ७: टाकी पास आहे का ते मोजा

उंचीवर दर अर्ध्या मीटरला तापमान सेन्सर, म्हणजे आपल्या टाकीत २६-२७. दर ०.३ मीटरला परवडत असेल तर अजून बरं. टाकी पूर्ण चार्ज करा, मग ठरलेल्या प्रवाहाने एक पूर्ण टाकीभर पाणी काढा आणि दर मिनिटाला प्रवाह आणि दोन्ही पाइपांतली तापमानं नोंदवा.

```
FOM = Σ(m·cp·(Tret − Tsup)·Δt) / (M·cp·(Tret,avg − Tcharge,avg))
```

०.८५ च्या वर आलं तर ठीक. खाली आलं तर सेन्सरांचा आलेख वाचा, तो कारण सांगतो. पट्टा सुरुवातीपासूनच दोन-तीन मीटर जाड असेल तर शिरतानाच घुसळण झालीय: प्रवाह जास्त, रिंग तिरकी, किंवा सुरुवात झटक्यात. पट्टा पातळ आहे पण तळाचं तापमान हळूहळू चढतंय, तर व्हॉल्व्ह गळतोय. आणि पट्टा छान आहे, तळ ५ वर टिकलाय, तरी टाकी लवकर संपते, तर रिटर्न लाइनवरचा थर्मामीटर बघा, बहुतेक वेळा तिथे ११ च्या आसपास काहीतरी दिसेल आणि तुम्ही पायरी २ वर परत याल.

पहिल्या वर्षानंतर, पाया बसल्यावर, ही चाचणी आणि रिंगची लेव्हल दोन्ही पुन्हा घ्या.